पंधरा गुंठे की पंधरा आर? सातबाऱ्यावरचं क्षेत्र वाचायचं, मोजायचं आणि वाटून घ्यायचं कसं

करवीर तालुक्यात आमच्या आजोबांची जमीन होती, जुन्या नोंदीप्रमाणे १ एकर २२ गुंठे. कडेनं ओढा जातो, त्याचे २ गुंठे पोटखराब. राहिले ६० गुंठे. वडील, दोन काका आणि आत्ती असे चार वारस, म्हणजे प्रत्येकी १५ गुंठे. हिशेब इतका सरळ की कुणी कागद-पेन्सिलही घेतली नाही. वाटपपत्र लिहिणाऱ्यानं प्रत्येकाच्या नावासमोर ‘०.१५.००’ लिहिलं, चौघांनी सह्या केल्या आणि डायरी, म्हणजे फेरफाराची नोंद, पडली.

काही वर्षांनी आत्तीनं आपला हिस्सा विकायला काढला. घेणाऱ्यानं सातबारा बघून विचारलं, “तुम्ही पंधरा गुंठे म्हणताय, उताऱ्यावर तर पंधरा आर आहेत. मग पैसे कशाचे द्यायचे?” आत्ती म्हणाली, “अरं, पंधरा गुंठं म्हंजे पंधरा गुंठंच की!” तेव्हा मी पहिल्यांदा बसून गुणाकार केला. आत्तीचे १७ चौरस मीटरच्या वर कमी लागत होते आणि चौघांचे मिळून ७१ चौरस मीटर कुणाच्याच नावावर नव्हते. मी घरांचे नकाशे काढतो, फूट-मीटरचा हिशेब माझा रोजचा. तरी घरातल्या कागदावर मी ही चूक बघितली नव्हती. जे नव्यानं जमीन घेतायत किंवा ज्यांच्या घरात वाटणी व्हायची आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब पायरीपायरीनं लिहितोय.

आधी गुंठा आणि आर वेगळे करा

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौकोन, १०८९ चौरस फूट. हे ३३ कुठून आले? आपल्याकडच्या जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट.

आर हे मेट्रिक माप. १० मीटर गुणिले १० मीटर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि १०० आरचा एक हेक्टर. गुंठ्याचे चौरस मीटर केले तर १०१.१७ येतात. म्हणजे गुंठा आरपेक्षा जेमतेम सव्वा चौरस मीटरनं मोठा. फरक इतका बारीक असल्यामुळेच तो सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. एकरात ४० गुंठे असतात, पण आर असतात ४०.४७. हेक्टरात १०० आर असतात, पण गुंठे असतात ९८.८४.

आमच्या भागात आजही भाव गुंठ्यावर बोलला जातो आणि उतारा आरमध्ये निघतो. समजा भाव गुंठ्याला ५ लाख ठरला. १५ गुंठे म्हणजे १६,३३५ चौरस फूट. दस्तात ०.१५.०० लिहिलं तर मिळतात १५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १६,१४६ चौरस फूट. फरक १८९ चौरस फुटांचा, आणि त्या भावानं त्याची किंमत सुमारे ८७ हजार रुपये. घेणाऱ्यानं १५ गुंठ्यांचे पैसे दिले तर त्याचं नुकसान. विकणाऱ्याची जागा खरोखर १५ गुंठे भरत असेल आणि त्यानं १५ आरचे पैसे घेऊन सगळा तुकडा ताब्यात दिला, तर त्याचं.

उताऱ्यावरचा आकडा वाचायला शिका

शेतीच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. ०.१५.१८ म्हणजे शून्य हेक्टर, १५ आर, १८ चौरस मीटर. इथं एक सोपी युक्ती आहे: दोन्ही टिंबं काढून टाका, उरलेला आकडा थेट चौरस मीटर असतो. ०.१५.१८ चे १५१८ चौरस मीटर, १.०५.५० चे १०,५५० चौरस मीटर. अट एकच, आर आणि चौरस मीटर या दोन्ही जागी दोन-दोन अंक हवेत. कुणी ०.१५.५ लिहिलं असेल तर ते ५ चौरस मीटर की ५०, हे त्या कागदावरून सांगता येत नाही. अशा वेळी अंदाज बांधू नका, मागची डायरी काढा. ‘०.५ हेक्टर’ असं लिहिलेलं कुणी ‘शून्य हेक्टर पाच आर’ असं वाचतं, तेव्हा ५००० चौरस मीटरचे ५०० होऊन बसतात.

दुसरा धोका बिनशेती सातबाऱ्यात आहे. नव्या नमुन्याच्या उताऱ्यावर शेतीचं क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं आणि बिनशेतीचं आर-चौरस मीटरमध्ये. म्हणून एन.ए. प्लॉटच्या उताऱ्यावर २.५० दिसलं तर ते अडीच हेक्टर नव्हे, २ आर ५० चौरस मीटर, म्हणजे २५० चौरस मीटरचा प्लॉट. क्षेत्राच्या रकान्याशेजारी एकक छापलेलं असतं. आकड्याआधी ते वाचायची सवय लावा.

जुने कागद एकर-गुंठ्यात असतात आणि तिथं टिंबाचा अर्थच वेगळा. ‘१.२०’ असं लिहिलेलं असेल तर ते बहुतेक १ एकर २० गुंठे असतं, म्हणजे दीड एकर, ६० गुंठे. तेच कॅल्क्युलेटरवर १.२० एकर म्हणून घातलं तर ४८ गुंठे येतात. बारा गुंठे तिथल्या तिथे गायब. म्हणून जुना आकडा हातात आला की पहिलं काम, सगळ्याचे गुंठे करायचे: एकर गुणिले ४०, अधिक गुंठे. मग पुढचं रूपांतर.

आणे दोन प्रकारचे असतात

जुन्या कागदात ‘१० गुंठे ८ आणे’ असं सापडतं. गुंठ्याचे सोळा आणे, त्यामुळे ८ आणे म्हणजे अर्धा गुंठा, एकूण साडेदहा. ते १०.८ असं उतरवून घेतलं की चूक झालीच. जुन्या टिपणावर लांबीलाही आणे असतात, कारण साखळीचेही सोळा भाग असत. ३ साखळ्या ८ आणे म्हणजे साडेतीन साखळ्या, ११५.५ फूट.

पण ‘चार आणे हिस्सा’ असं लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा गुंठ्याशी काही संबंध नसतो. तो रुपयातला हिस्सा असतो, पूर्ण जमिनीचा चौथा भाग. आमच्या आजोबांच्या ६० गुंठ्यांत चार आणे हिस्सा म्हणजे १५ गुंठे. गुंठ्यातले चार आणे म्हणजे पाव गुंठा, २७२ चौरस फूट. एकाच पानावर दोन्ही प्रकारचे आणे असू शकतात. आण्यांच्या आधी ‘गुंठे’ आहे की मागेपुढे ‘हिस्सा’ आहे, एवढं बघितलं की घोळ होत नाही.

नंबर कशाचा आहे ते विचारा

आमच्याकडं कोल्हापूर शहरालगत कागदावर ‘रि.स.नं.’ असतो, म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर, फेरमोजणीचा. समजा ‘रि.स.नं. २१४/२अ’. यातला २१४ हा मूळ तुकडा, २ हा त्याचा हिस्सा आणि अ हा त्या हिश्श्याचा पुन्हा झालेला भाग. एकत्रीकरण योजना राबवलेल्या गावांत त्याऐवजी गट नंबर असतो. तिथं एका गटात दोन जुने सर्व्हे नंबर किंवा त्यांचे तुकडे आलेले असू शकतात. म्हणून गट २१४ आणि सर्व्हे नंबर २१४ या एकाच जागा नव्हेत. आजोबांच्या काळचं खरेदीपत्र सर्व्हे नंबरावर आणि आजचा उतारा गटावर असेल, तर मध्ये एकत्रीकरणाचं योजना पत्रक लागतं. त्यात जुना नंबर, जुनं क्षेत्र आणि नवा गट आमनेसामने असतात. शहरात आणि गावठाणात तिसराच नंबर, सिटी सर्व्हे नंबर. त्याचा सातबारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड असतं आणि क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं.

वाटणीसाठी महत्त्वाची गोष्ट ही की कागदावर पोटहिस्से पडले म्हणजे नकाशावर पडले असं नाही. डायरी होऊन २१४/२अ आणि २१४/२ब असे दोन सातबारे तयार झाले असतील, पण पोटहिस्सा मोजणी झाली नसेल तर त्या दोघांमधली रेघ कुठल्याच सरकारी नकाशावर नसते. bhulekh.mahabhumi.gov.in वर सातबारा बघता येतो आणि mahabhunakasha.mahabhumi.gov.in वर नकाशा. दोन्ही उघडून ठेवा. उताऱ्यावर हिस्सा आहे आणि नकाशावर नाही, असं दिसलं तर बांध दाखवणारा माणूस जे सांगतो तो त्याचा अंदाज आहे, मोजणी नव्हे.

आता आमची वाटणी पुन्हा करू

१ एकर २२ गुंठे. पहिल्यांदा सगळे गुंठे: ४० अधिक २२ बरोबर ६२. गुणिले १०१.१७१४ बरोबर ६२७२.६३, म्हणजे ६२७३ चौरस मीटर. सातबाऱ्यावर हे ०.६२.७३ असं यायला हवं. इथंच एक खूण सांगतो. जुन्या कागदावर ६२ गुंठे आणि नव्यावर बरोबर ०.६२.०० असेल, तर कुणीतरी गुणाकार न करता नुसतं ‘गुंठे’ खोडून ‘आर’ लिहिलंय. जुना गुंठ्याचा आकडा आणि नवा आरचा आकडा तंतोतंत सारखे दिसले की थांबा. क्षेत्र चार-पाच गुंठ्यांचं असेल तर फरक चार-सहा चौरस मीटरचाच असतो. साठ गुंठ्यांत तो ७० चौरस मीटर होतो, एका लहान घराच्या पायाएवढा.

आमच्या उताऱ्यावर एकूण क्षेत्र बरोबर होतं, ०.६२.७३. त्यातून ओढ्याचे २ गुंठे, म्हणजे २०२ चौरस मीटर, वजा केले. लागवडीयोग्य क्षेत्र राहिलं ६०७१ चौरस मीटर. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य आणि पोटखराब वेगळं दाखवतात. पोटखराबातही वर्ग अ आणि वर्ग ब असतो, ओढे-रस्ते अशी सार्वजनिक वापराची जागा वर्ग ब मध्ये. जमीन घेताना विकणारा ‘एकूण’ क्षेत्र सांगतो. तुम्ही लागवडीयोग्य किती ते विचारा आणि वर्ग ब चे पैसे देताय का, हे बघा.

६०७१ भागिले ४ बरोबर १५१७.७५. उताऱ्यावर पाऊण चौरस मीटर लिहायला जागा नाही, म्हणून सगळ्यांना १५१८ केलं तर बेरीज ६०७२ होते. एक चौरस मीटर जास्त. हा जास्तीचा मीटर किरकोळ वाटतो, पण हिश्श्यांची बेरीज मूळ नंबराशी जुळली नाही की नोंद अडू शकते. उपाय साधा आहे: तिघांना १५१८ आणि चौथ्याला १५१७. तीनदा १५१८ म्हणजे ४५५४, अधिक १५१७ बरोबर ६०७१. कुणाच्या वाट्याला एक मीटर कमी ते घरात बसून आधीच ठरवा. आमच्या घरात धाकट्या काकांनी ते आपणहून घेतलं. पोटखराबाचे २०२ चौघांत सामाईक ठेवायचे की कुणा एकाकडं द्यायचे, हेही वाटपपत्रात शब्दांत लिहायला लागतं.

आता पहिल्या वाटपपत्राशी ताडून बघा. चारदा १५०० म्हणजे ६०००. लागवडीयोग्य क्षेत्र ६०७१. ते ७१ चौरस मीटर, सुमारे ७६४ चौरस फूट, चौघांपैकी कुणाच्याही नावावर आले नाहीत. सही करण्याआधी एक बेरीज केली असती तर सापडले असते.

बेरीज कशाशी जुळवायची

बेरीज दोनदा जुळवावी लागते. एकदा हिश्श्यांची एकमेकांशी आणि एकदा मूळ आकारबंदाशी. आकारबंद हा भूमी अभिलेख कार्यालयातला कागद, त्यात प्रत्येक सर्व्हे नंबराचं क्षेत्र आणि आकारणी असते. क्षेत्राच्या बाबतीत सातबाऱ्याचा तो मूळ आधार. आकारबंदात ०.६२.७३ आणि सगळ्या सातबाऱ्यांची बेरीज ०.६४.०० अशी निघाली, तर कुठल्यातरी डायरीत १२७ चौरस मीटर हवेतून आलेत. अशा वेळी डायऱ्या उलट्या क्रमानं वाचत जा. प्रत्येक डायरीत आधीचं क्षेत्र आणि नंतरचं क्षेत्र मांडा. बेरीज जिथं पहिल्यांदा फुटते, चूक तिथं झालेली असते. फक्त शेवटचा उतारा बघून ती कधीच सापडत नाही.

डायरीत बरोबर असून सातबाऱ्यावर उतरवताना चूक झाली असेल, तर ती लेखनप्रमाद म्हणून दुरुस्त होते. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करतात. पण मुळात नोंदवलेल्या दस्तातच चुकीचा आकडा असेल, तर सातबारा दस्ताप्रमाणेच निघालाय, त्यात तलाठ्याची चूक नाही. तिथं सगळ्यांच्या सह्यांचा चूक दुरुस्ती दस्त लागतो. आमचं हेच झालं. चौघं हयात आणि एकमेकांशी बोलत होते म्हणून एका दिवसात सह्या झाल्या. एखादा वारस गेला असता तर त्याच्या मुलाबाळांना शोधत फिरावं लागलं असतं.

टेप लावताना होणारी चूक

कागद जुळला तरी जागेवर मोजायचं राहतंच. सरकारी मोजणीचा अर्ज करण्याआधी लोक स्वतः टेप लावून बघतात, आणि त्यात काही वाईट नाही. पण चारही बाजू मोजून समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि गुणायचं, ही जी पद्धत सगळे वापरतात, ती फक्त काटकोनी जागेला बरोबर येते. जागा तिरकी असेल तर ती नेहमी जास्तच क्षेत्र दाखवते, कमी कधीच नाही.

आत्तीच्या हिश्श्याच्या कोपऱ्यात असा एक तुकडा होता. समजायला सोपे आकडे घेऊन सांगतो. दोन बाजू १०० फूट, दोन बाजू ६० फूट, पण वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा २४ फूट पुढं सरकलेली. सरासरीनं क्षेत्र येतं १०० गुणिले ६०, म्हणजे ६००० चौरस फूट. पण दोन लांब बाजूंमधलं सरळ अंतर ५५ फूटच आहे, म्हणून खरं क्षेत्र ५५०० चौरस फूट. जवळजवळ अर्धा गुंठा केवळ पद्धतीमुळं वाढला. म्हणून चार बाजूंबरोबर एक कर्णही मोजा. इथं आखूड कर्ण ९३.८ फूट येतो. मग जागेचे दोन त्रिकोण होतात आणि प्रत्येकाच्या तीन बाजूंवरून क्षेत्र काढता येतं, इथं प्रत्येकी २७५० चौरस फूट. कर्ण न मोजता काढलेल्या कुठल्याही ‘गुंठ्यां’वर पैसे देऊ नका. टेप बांधाच्या चढउतारावरून न नेता आडवा ताणून धरा, उतारावर धरलेला टेप लांबी वाढवून सांगतो.

हा हिशेब तुमच्या समाधानापुरता आहे. शेजाऱ्याशी हद्दीचा वाद झाला तर टेप चालत नाही, भूमी अभिलेखची हद्द कायम मोजणी आणि तिच्या नकाशाची ‘क’ प्रत चालते.

दस्तात काय लिहायचं

क्षेत्र आधी सातबाऱ्याच्या एककात लिहा, मग तेच चौरस मीटरमध्ये, अक्षरी सुद्धा. ‘हे. ०.१५.१८ आर, म्हणजे १५१८ चौरस मीटर, अक्षरी एक हजार पाचशे अठरा चौरस मीटर’ असं. गुंठे लिहायचेच असतील तर तिसऱ्या जागी लिहा. दर गुंठ्यावर ठरला असेल तर एकूण रक्कम काढताना कुठले गुंठे धरले, १५ की १५.००४, ते आधी बोलून घ्या. १५१८ चौरस मीटरचे गुंठे १५.००४ येतात, तिथं वाद नको. पण १५०० चे १४.८३ येतात, तिथं बोलायलाच हवं. ‘सुमारे’ हा शब्द क्षेत्राजवळ येऊ देऊ नका. पोटहिस्सा असेल तर त्याचं पूर्ण नाव, २१४/२अ, प्रत्येक पानावर तसंच आलंय का ते बघा. एका पानावर २१४/२ आणि दुसऱ्यावर २१४/२अ असेल तर एका दस्तात दोन जागा झाल्या.

आणि तुकडा पाडून विकायचा किंवा घ्यायचा असेल, तर तुकडेबंदी कायद्याप्रमाणे तेवढ्या क्षेत्राचा व्यवहार त्या जागेत चालतो का, ते टोकन द्यायच्या आधी तहसीलमध्ये विचारा. जागा शेती विभागात आहे की रहिवास विभागात, यावर उत्तर बदलतं.

दुरुस्ती दस्तानंतर आमची नवी डायरी मंजूर झाली. चौघांचे सातबारे काढले, पहिल्या तिघांवर ०.१५.१८ आणि धाकट्या काकांच्यावर ०.१५.१७. आत्तीला घेऊन त्यांच्या पडवीत बसलो आणि तिच्याकडूनच बेरीज करून घेतली. ६०७१ आल्यावर तिनं घेणाऱ्याला फोन लावला.